‘नमस्कार’नंतरचं पहिलं वाक्य कुणाचं?

विषय : मराठी – संभाषण कौशल्य
इयत्ता : ५ वी ते ८ वी (पालकांनी घरी घेण्यासारखा पाठ)



‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ म्हणावं, हे मुलांना पहिलीपासून येतं. पाठ त्याच्या पुढे आहे. समोरच्याने नमस्कार केला, आपण उलट नमस्कार केला, आता पुढचं वाक्य कोणतं? आपल्याकडे बहुतेक वेळा हे वाक्य तयारच असतं. दुकानात ‘काय देऊ?’, दवाखान्यात ‘काय होतंय?’, शाळेच्या ऑफिसात ‘कितवीला नाव घालायचंय?’. तिन्ही वाक्यं गोड आवाजात म्हणता येतात, त्यामुळे त्यांत काही चुकतंय असं वाटत नाही. पण तिन्ही वाक्यांत आलेला माणूस कोण आहे हे आपणच ठरवून टाकलेलं असतं. त्याने तोंड उघडायच्या आत तो गिऱ्हाईक, पेशंट किंवा पालक झालेला असतो.

प्रश्नाच्या पोटातलं विधान

मुलांना हे समजावताना मी ‘प्रश्नाच्या पोटात काय आहे ते शोधा’ असं सांगतो. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक न बोललेलं विधान असतं. ‘काय देऊ?’ याच्या पोटात आहे, ‘तुम्ही विकत घ्यायला आला आहात.’ ‘कुठे दुखतंय?’ याच्या पोटात आहे, ‘तुम्ही आजारी आहात आणि तुम्हाला दुखतंय.’ ‘मुलगा कितवीत आहे?’ याच्या पोटात तर तीन विधानं आहेत : तुम्हाला मूल आहे, तो मुलगाच आहे, आणि तुम्ही त्याच्याच कामासाठी आलात.

आता ‘बोला’ हा शब्द घ्या. याच्या पोटात एवढंच आहे की तुम्हाला काहीतरी बोलायचं आहे. ते कुणालाही लागू पडतं. ‘बोला, काय काम होतं?’ हेही तसंच. इथे मुलांच्या एक गोष्ट लक्षात आणून द्यावी. काम आत्ता आहे, तरी आपण ‘होतं’ म्हणतो. येणाराही ‘जरा काम होतं’, ‘एक विचारायचं होतं’ असंच म्हणतो. हा भूतकाळ व्याकरणातला नाही, तो अदबीचा आहे. ‘काय काम आहे?’ याला उलटतपासणीचा वास येतो, ‘काय काम होतं?’ याला येत नाही.

संबोधनाचंही असंच आहे. ताई, दादा, काका, मावशी, आजोबा हे शब्द वयाचा मान राखतात, पण माणूस कशासाठी आलाय ते ठरवत नाहीत. त्यामुळे नमस्काराच्या उत्तरात ते बिनधोक वापरता येतात (फक्त पन्नाशीच्या बाईंना ‘आजी’ म्हणू नये, हे मुलांना वेगळं सांगायला लागतं!). याउलट ‘या शेठ’ म्हटलं की समोरच्याला खिशाला हात घालावासा वाटतो, आणि ‘पेशंट कोण?’ म्हटलं की दोघांतल्या एकाला आजारी व्हावंच लागतं.

शिळफाट्यावरचं दुकान

आपला शिळफाटा म्हणजे खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. इथे थांबणाऱ्यांत घाट चढण्याआधी दम घेणारे ड्रायव्हर असतात, अष्टविनायकाला निघालेले असतात. महडचा वरदविनायक आपल्याच खालापूर तालुक्यात आणि पालीचा बल्लाळेश्वर शेजारच्या सुधागडात. शिवाय दुसरा एक शिळफाटा ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला आहे. नाव सारखंच असल्यामुळे तिकडे जायचा माणूस इकडे येऊ शकतो.

असा एक माणूस दुकानासमोर उभा आहे असं समजू. तो म्हणतो, ‘नमस्कार.’ दुकानदार म्हणतो, ‘नमस्कार, काय देऊ?’ आता त्या माणसाला आधी ‘नाही, घ्यायचं काही नाही’ असं म्हणावं लागतं, म्हणजे बोलण्याची सुरुवातच नकाराने. पुष्कळांना ते संकोचाचं वाटतं. मग ते दहा रुपयांचं बिस्किट घेतात आणि पैसे देता देता विचारतात, ‘कल्याणला जायला गाडी कुठून?’ दुकानदाराचा यात दहा रुपयांचा फायदाच झाला, म्हणून इथे कुणाचं मोठं बिघडत नाही. पण काय घडलं ते नीट बघा. माणसाने आपली खरी गरज सांगण्यासाठी आधी आपण दिलेली भूमिका पार पाडली. दुकानात ती भूमिका दहा रुपयांत सुटते. सगळीकडे सुटत नाही.

शाळेच्या ऑफिसात

आता आपल्या शिक्षकांच्या जवळचा प्रसंग. वर्गात सादर करण्यासाठी तो मी संवादाच्या रूपात लिहिला आहे. त्यातली परिस्थिती मात्र कर्जत-खालापूरमधल्या कोणत्याही वाडीशेजारच्या शाळेला नवी नाही. दिवाळी झाली की बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात.

दिवाळीनंतर एक बाई ऑफिसच्या दारात येते.

– नमस्कार.
– नमस्कार. नाव घालायचंय का? जन्माचा दाखला आणलाय?
– नाय.
– मग दाखला घेऊन या, तेव्हा बघू.
– बरं.

बाई गेली. पाच वाक्यांत संवाद संपला आणि कुणी कुणाशी उद्धट बोललं नाही. क्लार्कच्या मनात एवढंच राहील की कुणीतरी दाखल्याशिवाय ॲडमिशनला आलं होतं. (मुळात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, पण तो मुद्दा बाजूला ठेवू.) आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने.

– नमस्कार.
– नमस्कार. या ताई, बसा. बोला.
– काय नाय, असंच.
– बरं. सावकाश सांगा.
(थोडा वेळ कुणीच बोलत नाही.)
– काही सांगायचं होतं, की विचारायचं होतं?
– विचारायचं होतं. आमी भट्टीवर चाललो. पोराचं नाव काढाल काय शाळेतून?
– कितवीत आहे तो?
– तिसरीत. मागल्या टायमाला पण असाच गेला, मग आला तर त्याला काय येईना.

बाई नाव घालायला आली नव्हती. मुलाचं नाव आधीच पटावर होतं, आणि ते राहील का एवढंच तिला हवं होतं. पहिल्या संवादात ‘नाव घालायचंय का?’ याला ‘नाय’ हे तिचं उत्तर अगदी खरं होतं. दाखल्यालाही ‘नाय’ हेच खरं उत्तर होतं. चुकीच्या प्रश्नांना मिळालेल्या दोन खऱ्या उत्तरांतून क्लार्कने तिसरीच गोष्ट समजून घेतली.

दुसऱ्या संवादानंतर शाळेला पुष्कळ काही करता येतं. नाव काढलं जाणार नाही हे सांगता येतं. मूल मागे आजीजवळ राहू शकेल का, हे विचारता येतं. ते शक्य नसेल तर भट्टी कुठल्या गावाजवळ आहे ते लिहून घेऊन स्थलांतरित मुलांसाठी असलेलं शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे तिथली शाळा त्याला वर्गात बसवून घेईल. यातलं काहीही पहिल्या संवादानंतर करता येत नाही, कारण मूल जाणार आहे हेच शाळेला माहीत नसतं. ते कळतं महिन्याभराने, हजेरीपटावर ओळीने गैरहजेरी लागल्यावर. तोपर्यंत कुटुंब कुठे गेलं हे सांगायला वाडीवर कुणी असेलच असं नाही.

मुलांना इथे थांबवून विचारा : ‘बाईने सरळ का नाही सांगितलं?’ काही मुलं म्हणतील, ती घाबरली. काही म्हणतील, तिला वाटलं दाखला नसेल तर बोलण्यात अर्थच नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपल्याला दिलेली चुकीची भूमिका खोडून काढायला धीर लागतो, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसासमोर तो सगळ्यांकडे सारखा नसतो. शहरातला शिकलेला पालक ‘नाही हो मॅडम, माझं वेगळंच काम आहे’ असं पटकन म्हणतो. ज्याला ते म्हणता येत नाही, नेमकी त्याचीच गरज आत राहून जाते.

‘काय नाय, असंच’

वरच्या संवादातलं हे वाक्य पाठाचा गाभा आहे, म्हणून त्यावर पाच मिनिटं द्या. ‘बोला’ म्हटल्यावर आपल्याकडे पुष्कळ माणसं आधी ‘काही नाही’ म्हणतात. काही नाही म्हणून कुणी तीन किलोमीटर चालत येत नाही. हे उत्तर नाही, बोलण्याआधीचा तो आवंढा आहे. मोकळा प्रश्न विचारणाऱ्याची इथे परीक्षा होते. अनेक जण इथे हार मानून पुन्हा तयार प्रश्नाकडे वळतात : ‘ॲडमिशनचं होतं का?’

त्याऐवजी दोन पायऱ्या मुलांना शिकवाव्यात. पहिली पायरी, थांबणं. मनात पाच आकडे मोजायचे आणि तोवर रजिस्टरकडे किंवा मोबाइलकडे बघायचं नाही. मान खाली घालून म्हटलेल्या ‘बोला’चा अर्थ ‘लवकर उरका’ असाच होतो. दुसरी पायरी, तरीही समोरचा गप्प असेल तर त्याला क्रियापद द्यायचं, भूमिका द्यायची नाही. ‘काही सांगायचं होतं, विचारायचं होतं, की काही हवं होतं?’ दारात आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं काम या तीन क्रियापदांत बसतं. निवडायला सोपं, आणि यातलं कुठलंही निवडलं तरी त्याला ‘मी तो नव्हे’ असं म्हणावं लागत नाही.

‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ हा प्रश्न शिक्षकही विचारतात. दवाखान्यांबाबत याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६४ रुग्णभेटींच्या सुरुवातीच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण तपासले गेले. डॉक्टरांनी रुग्णांना सरासरी २३ सेकंदांतच मध्ये वळवलं होतं, आणि पूर्ण बोलू दिलेल्या रुग्णांना मात्र सरासरी फक्त ६ सेकंद जास्त लागले होते. अभ्यास परदेशातला आणि दवाखान्यातला आहे, तो आपल्या ऑफिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ऐकत बसलो तर तासभर जाईल ही भीती केवढी फुगवलेली असते, हे त्यातून दिसतं. त्याच अभ्यासात डॉक्टरांनी तक्रारी विचारल्याच नाहीत अशा भेटींमध्ये रुग्ण शेवटी शेवटी नवीनच तक्रार काढताना जास्त आढळले. दाराशी पोचल्यावर ‘आणि हो डॉक्टर…’ म्हणणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

‘पेशंटचे कोण तुम्ही?’

तिसरं ठिकाण दवाखाना. वरच्या वर्गांना हा भाग जरूर सांगावा, कारण यात कायदा बदलावा लागला आहे.

घाटरस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना अपघात माहीत आहेत. समजा, दोन तरुण रस्त्यावर पडलेल्या अनोळखी मोटारसायकलस्वाराला रिक्षात घालून दवाखान्यात आणतात. काउंटरवरचा पहिला प्रश्न येतो, ‘पेशंटचे कोण तुम्ही?’ या प्रश्नाच्या पोटात आहे, ‘तुम्ही त्याचे कुणीतरी आहात.’ म्हणजे सही करणार, पैसे भरणार, पोलिस आले की थांबणार. दोघे एकमेकांकडे बघतात आणि ‘गाडी लावून येतो’ म्हणून निघून जातात.

ते गेले, आणि त्यांच्यासोबत माहितीही गेली. अपघात किती वाजता झाला, डोक्याला हेल्मेट होतं का, तो शुद्धीत होता का, वाटेत उलटी झाली का. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं, आणि बेशुद्ध माणूस ते सांगू शकत नाही. काउंटरवरून ‘काय झालं?’ असा प्रश्न आला असता तर दोघांनी एका दमात सांगितलं असतं, ‘आम्ही ओळखत नाही याला. वीस मिनिटं झाली असतील. आधी बोलत होता, मग उलटी झाली आणि आता बोलत नाही.’ पहिला प्रश्न माणसाचं नातं विचारतो, दुसरा घडलेली गोष्ट विचारतो. फरक दोन-तीन शब्दांचा आहे.

मदत करणारा म्हणजे नातेवाईकच, किंवा त्यानेच धडक दिली असणार, या समजुतीमुळे लोक अपघातग्रस्ताला हात लावायला घाबरत. म्हणून केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हणजे निःस्वार्थ मदतनीस असं नाव आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्याचे हक्क लिहिलेला फलक रुग्णालयांनी दर्शनी भागात, स्थानिक भाषेतही लावायचा आहे. मुलांना पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर हा फलक शोधायला सांगा. पेशंट, नातेवाईक आणि डॉक्टर यांच्याखेरीज चौथा माणूसही दारातून येऊ शकतो, हे त्या फलकावर लिहिलेलं असतं.

कुठे लागू नाही

मुलं नियम शिकली की तो सगळीकडे लावतात, म्हणून मर्यादाही सांगाव्यात. ‘तिकीट’ असं लिहिलेल्या खिडकीसमोर रांगेत उभ्या माणसाने आपली भूमिका स्वतःच सांगितलेली आहे, तिथे ‘कुठलं?’ हा प्रश्न योग्यच. ज्याने नमस्काराबरोबरच काम सांगितलं, ‘नमस्कार, दाखला न्यायचा होता’, त्याला पुन्हा ‘बोला’ म्हणणं म्हणजे न ऐकल्यासारखं होतं. आणि रक्त वाहत असलेल्या माणसाला प्रश्न विचारत बसू नये, आधी त्याला आत घ्यावं.

वर्गातला उपक्रम (एक तास)

बारा चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर ‘शाळेच्या ऑफिसात आलेला माणूस’ आणि त्याचं काम लिहा : हरवलेला डबा परत द्यायला आलेले रिक्षावाले काका, चाळीस वर्षांपूर्वीचा दाखला मागणारे आजोबा, नळ दुरुस्त करायला आलेला दादा, गावाला जाणारी आई, रस्ता चुकलेला प्रवासी, आणि दोन-तीन खरोखर प्रवेशासाठी आलेले पालकही. एक मूल टेबलामागे बसेल, दुसरं चिठ्ठी उचलून येईल आणि फक्त ‘नमस्कार’ म्हणेल.

पहिल्या फेरीत टेबलामागच्याने ‘नाव घालायचंय का?’ असंच सुरू करायचं. दुसऱ्या फेरीत ‘या, बसा, बोला’ असं. बाकीच्या मुलांनी वहीत एकच आकडा लिहायचा : खरं काम कितव्या वाक्याला बाहेर आलं? काम बाहेर न येताच माणूस परत गेला तर फुली मारायची. शेवटी दोन्ही फेऱ्यांतल्या फुल्या मोजा. प्रवेशासाठी आलेल्या पालकांच्या बाबतीत पहिली फेरी लवकर संपते, हेही मुलांच्या लक्षात येऊ द्या. तयार प्रश्न टिकून राहतो तो त्यामुळेच. तो बहुतेकांना लागू पडतो, आणि ज्यांना लागू पडत नाही ते परत जाताना काही बोलत नाहीत.

पालकांसाठी

घरात याची सुरुवात दाराशी आणि फोनवर होते. बेल वाजली, काका म्हणाले ‘नमस्कार बाळा’, आणि मूल लगेच म्हणतं, ‘पप्पा घरी नाहीत.’ काकांनी पप्पांना विचारलेलंच नसतं. ते कदाचित सांगायला आलेले असतात की तुमच्या टाकीचं पाणी वाहतंय. मुलाला एवढंच शिकवा : ‘नमस्कार काका. बोला ना.’ ओळखीचा माणूस नसेल तर जाळीचं दार बंद ठेवूनच म्हणायचं, पण म्हणायचं हेच. टाकी वाहत असेल तर दुसऱ्या वाक्याला कळेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांच्या पोटातलं विधान लिहा : ‘कुणाला भेटायचंय?’, ‘किती किलो?’, ‘रिपोर्ट आणलेत का?’, ‘पावती फाडू का?’
२. वरीलपैकी प्रत्येक प्रश्न कोणत्या आलेल्या माणसाला लागू पडणार नाही, त्याचं एक-एक उदाहरण द्या.
३. एका दिवसात दुकान, दवाखाना, ग्रामपंचायत, एस.टी. स्टँड यांपैकी दोन ठिकाणी ‘नमस्कार’नंतरचं पहिलं वाक्य कोणतं ऐकलं ते लिहून आणा. ते वाक्य कुणाला परत पाठवू शकेल, तेही लिहा.